बांबू कुठला तोडायचा, हे कोण ठरवतं?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं पाचेकशे वस्तीचं गोंड गाव आहे. तिथल्या ग्रामसभेत निर्णय कसे होतात, हे मुलांना समजावं म्हणून एक सभा रचून सांगतो. माणसं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, पद्धत आणि कायदे मात्र खरे.

पावसाळा सरला आहे. दहावीतली एक मुलगी आजीजवळ बसली आहे. तिला मत नाही, पण तिला कुणी उठवतही नाही. विषय एकच: यंदा बांबू कुठल्या पट्ट्यातला तोडायचा? गावाचा अभ्यासगट जंगल फिरून आला आहे. हा गट फक्त माहिती मांडतो, निर्णय घेत नाही. नाल्यापलीकडे तीन वर्षं तोड झालेली नाही, बेटं दाटली आहेत, असं तो सांगतो. व्यापाऱ्याचा दरही आला आहे. माना डोलू लागतात.

तेवढ्यात एक बाई उठतात. "तिथंच आमची मोहाची झाडं आहेत. तोडलेला बांबू त्यांच्याखाली रचला, तर मोह वेचायचा कुठं?"

"मावशी, तुम्ही एकट्याच नको म्हणताय," कॉलेजातला एक मुलगा म्हणतो. "हात वर करून घेऊ या."

"इथं हात मोजत नाहीत," एक म्हातारे त्याला थांबवतात.

मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीनं होतो. त्यामागं रोकडं कारण आहे. जंगलाची राखण गावकऱ्यांनीच करायची असते. ज्याचं म्हणणं बहुमतानं दडपलं, तो ती मनापासून कशाला करील? म्हणून एकाचाही विरोध असला, तर विषय पुढच्या सभेत जातो. यात वेळ जातो, कधी हाती आलेला दरही जातो. गावानं ही किंमत समजून-उमजून पत्करली आहे.

घरी जाताना मुलगी विचारते, "आजी, ग्रामपंचायत आहे ना? सरपंचच का नाही ठरवत?"

प्रश्न अगदी मोक्याचा आहे. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे मतदारयादीतली सगळी माणसं. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतींना राज्यघटनेत जागा मिळाली. पुढं १९९६च्या 'पेसा' कायद्यानं आदिवासींच्या अनुसूचित क्षेत्रात प्रत्येक पाड्या-वस्तीला आपली ग्रामसभा भरवण्याची वाट मोकळी केली. २००६च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेच्या हाती सामूहिक वनहक्क दिला. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. म्हणून बांबूचा निर्णय सरपंचाच्या टेबलावर जात नाही, सभेत येतो.

पण हक्काचा कागद हाती आला म्हणून बांबू विकता आला, असं झालं नाही. जंगलातला माल बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो नसेल तर गाडी नाक्यावर अडते. वनखातं परवाना देईना. बांबू हे झाड आहे, असं खातं १९२७च्या वन कायद्याच्या आधारानं म्हणे. वनहक्क कायद्यात मात्र बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात घातलेला, म्हणजे मोह-तेंदूसारखा गावानं गोळा करून विकायचा माल. गावानं हा मुद्दा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन झालं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि ग्रामसभेच्या समितीनं परवाना द्यावा, असं त्यात लिहिलं गेलं. मला या साऱ्या लढ्यातलं ते पुस्तक सर्वांत मोलाचं वाटतं. हक्क गावाचा आणि सही दुसऱ्याची, अशी स्थिती असती, तर सभेतली सगळी चर्चा नाक्यावर येऊन संपली असती.

पुढच्या सभेपर्यंत अभ्यासगट मोह वेचणाऱ्या बायांना घेऊन पट्ट्यात जाऊन येतो. तोड तिथंच करायची, पण माल रस्त्याच्या अलीकडे आणून रचायचा, असा तोडगा निघतो. यंदाचे कोवळे बांबू तोडायचे नाहीत, हेही ठरतं. वाहून आणायची मजुरी वाढणार, म्हणजे गावाच्या हाती थोडं कमी उरणार. ते सगळ्यांना चालतं. सचिव ठराव लिहितात, मोठ्यानं वाचून दाखवतात, मग सह्या-अंगठे होतात.

"शाळेत दोन वर्गांना एकच गुरुजी आहेत, त्याचं काय?" आता मुलीला धीर आला आहे.

म्हातारे ऐकून घेतात. मग सांगतात, की शिक्षक नेमणं गावाच्या हाती नाही, ते जिल्हा परिषदेचं काम. ग्रामसभा मागणीचा ठराव करून पाठवू शकते, पाठपुरावा करू शकते. शाळेच्या हजेरीपटावरून दोन्ही वर्गांतली मुलं मोजून आणायचं काम सभा त्या मुलीवरच सोपवते.