जागता राखीव नियंत्रक

औष्णिक वीजकेंद्रातील २१० मेगावॉटच्या एका संचाचा बॉयलर पूर्ण भारावर दर तासाला सुमारे ७०० टन वाफ निर्माण करतो. याचा अर्थ असा की दर सेकंदाला जवळजवळ २०० किलो पाणी वाफेच्या रूपाने बॉयलर सोडून जाते आणि तितकेच नवे पाणी आत यावे लागते. पाणी व वाफ ज्या आडव्या पोलादी पिंपात विलग होतात, त्यास ड्रम म्हणतात. येणारे पाणी थांबले तर ड्रममधील पातळी धोक्याच्या खुणेखाली जाण्यास एक मिनिटसुद्धा लागत नाही. पातळी फार उतरली तर नळ्या तापून फुटतात, आणि फार चढली तर वाफेबरोबर पाण्याचे थेंब टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात. म्हणून पाण्याची झडप किती उघडी ठेवावयाची हे ठरविणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक क्षणभरही निकामी होऊन चालत नाही.

यावरील उपाय म्हणजे एकाऐवजी दोन नियंत्रक बसविणे. पैकी एक प्रमुख असतो व दुसरा राखीव. मात्र हा राखीव नियंत्रक कपाटात ठेवलेल्या जादा भागासारखा नसतो. तो चालू असतो, त्यात तीच आज्ञावली भरलेली असते आणि प्रमुखाच्या स्मृतीची ताजी प्रत त्याच्याजवळ असते. कारखान्यांत यालाच ‘हॉट स्टँडबाय’ असे म्हणतात.

स्मृतीची प्रत कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. दोघांनाही ड्रमची पातळी दिसत असताना राखीव नियंत्रकाला स्वतःच गणित करता येणार नाही काय? याचे उत्तर नियंत्रकाच्या गणितातच आहे. नियंत्रक झडपेचे स्थान दोन अंशांच्या बेरजेने ठरवितो. एक अंश या क्षणी पातळीत असलेल्या फरकावर अवलंबून असतो, तर दुसरा आजवरच्या फरकांच्या साठत आलेल्या बेरजेवर. पातळी अगदी हवी तेथे स्थिर आहे व झडप ६२ टक्के उघडी आहे, अशी कल्पना करावी. या क्षणी फरक शून्य असल्यामुळे पहिला अंशही शून्य आहे. तेव्हा ते सारे ६२ टक्के दुसऱ्या अंशातून, म्हणजे केवळ साठलेल्या बेरजेतून आलेले आहेत. ही बेरीज कोणत्याही मापकावर दिसत नाही. ती फक्त प्रमुखाच्या स्मृतीत असते. राखीव नियंत्रकाने ती न घेता ताबा घेतला, तर त्याच्या हिशेबाने झडपेचे स्थान शून्य येईल आणि बॉयलर सुरळीत चालू असतानाच पाणी बंद होईल.

म्हणून नियंत्रकाच्या प्रत्येक आवर्तनात समकालन होते. एक आवर्तन ५० मिलिसेकंदांचे आहे असे धरू. प्रमुख मापकांचे आकडे घेतो, गणित करतो आणि आपली स्थिती दोघांना जोडणाऱ्या खास तारेवरून, बहुधा काचतंतूच्या, राखीवाकडे पाठवितो. पाठविणे अर्धवट असतानाच प्रमुख बंद पडला तर काय होईल? राखीव नियंत्रक आलेल्या माहितीची तपासणी-बेरीज जुळवून पाहतो. ती जुळली नाही तर अर्धवट माहिती टाकून देऊन त्याआधीची पूर्ण प्रत वापरतो. एका आवर्तनाने जुनी पण सुसंगत माहिती ही अर्धी नवी व अर्धी जुनी अशा मिश्रणापेक्षा केव्हाही बरी.

आता ताबाबदलाचा विचार करू. प्रमुखाकडून ठरावीक काळाने ‘मी जिवंत आहे’ असा स्पंद येत असतो. तीन स्पंद चुकले की राखीव त्यास मृत समजतो, असे धरले तर शोधास १५० मिलिसेकंद व पहिल्या आवर्तनास ५० मिलिसेकंद, असे मिळून सुमारे २०० मिलिसेकंद झडपेला कोणाचीही आज्ञा मिळणार नाही. झडपेस आज्ञा पोहोचविणारा भाग तोपर्यंत शेवटची आज्ञा धरून ठेवतो. ही धरून ठेवण्याची मुदत ५०० मिलिसेकंद असेल तर काम भागते. ती चुकून १०० मिलिसेकंद ठेवलेली असेल, तर नवा नियंत्रक येण्यापूर्वीच तो भाग झडपेस सुरक्षित स्थितीत ढकलतो, आणि दोन्ही नियंत्रक निर्दोष असूनही बॉयलर बंद पडतो.

याहून अवघड प्रसंग वेगळाच आहे. प्रमुख ठणठणीत असतो, पण दोघांमधील तार तुटते. राखीवाच्या दृष्टीने मेलेला सोबती व तुटलेली तार यांत काहीच भेद नसतो. त्याने लगेच ताबा घेतला तर एका झडपेला दोन धनी होतील. यासाठी स्पंद दुसऱ्या स्वतंत्र मार्गानेही पाठवितात. दोन्ही मार्ग मुके झाले तरच ताबा घ्यावयाचा. एकच मार्ग मुका असेल तर राखीवाने धोक्याची सूचना द्यावी आणि आपली प्रत शिळी होत आहे हे ओळखून स्वतःला ताब्यास अपात्र ठरवावे.

राखीव यंत्राचा दोष सहसा डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याच्यावाचून काम चालूच असते. म्हणून चाचणी घ्यावी लागते. परंतु चाचणीच अपघाताचे कारण होऊ नये, यासाठी तिचा क्रम सौम्याकडून कठोराकडे ठेवतात. पहिली चाचणी बॉयलर थंड असताना होते. त्यानंतर, भार स्थिर असताना, केवळ आज्ञा देऊन ताबाबदल करतात. तत्पूर्वी राखीव नियंत्रक समकालित असल्याचे व दोन्ही आज्ञावली एकच असल्याचे तपासतात, आणि झडप हाताने चालविण्यास एक माणूस सज्ज ठेवतात. पातळी किती हलली म्हणजे चाचणी सोडावयाची, हेही आधी लिहून ठेवतात. बॉयलर आपोआप बंद करणारी संरक्षणयंत्रणा मात्र चाचणीच्या सोयीसाठी कधीही निष्क्रिय करीत नाहीत.

ताबाबदलाच्या क्षणी झडपेचा आलेख जलद गतीने नोंदवितात. ६२ टक्क्यांची रेषा तशीच पुढे गेली तर ठीक. ती एकदम ५५ वर उतरली, तर एखादी संख्या समकालनाच्या यादीतून सुटली आहे असे समजावे. मागाहून आज्ञावलीत भर घालताना ही चूक नेहमी घडते. प्रमुखाची वीज तोडण्याची कठोर चाचणी नियोजित बंद काळासाठी किंवा अल्प भारासाठी राखून ठेवतात. तार काढण्याची चाचणीही घेतात. तीत ताबाबदल न होणे हेच यश होय. प्रत्येक चाचणीनंतर परत आलेला नियंत्रक पूर्ण समकालित झाल्याची खूण दिसेपर्यंत पुढची चाचणी सुरू करावयाची नसते. घाई झाली तर ताबा घेणारा कोणीच उरत नाही.

या जोडीला एक मर्यादा आहे, आणि ती वीज तोडून किंवा तार काढून दिसत नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेल्या एरियान-५ या अग्निबाणावर दिशामापनाची दोन यंत्रे होती. एक काम करीत होते व दुसरे त्याच्याच जोडीने जागे होते. एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही म्हणून राखीव यंत्र आधी बंद पडले. सुमारे ५० मिलिसेकंदांनी प्रमुखही त्याच कारणाने बंद पडले, कारण दोघांत आज्ञावली एकच होती. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत अग्निबाण नष्ट झाला. बॉयलरची संरक्षणयंत्रणा नियंत्रकांच्या जोडीपासून अलग, स्वतःचे मापक व स्वतःची आज्ञावली असलेली अशी ठेवतात, ती याच कारणासाठी.