लोखंडाचं वजन कुठे दडलेलं असतं

माझ्या आतेभावाचं कोल्हापूरजवळ शिरोलीला लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी त्यानं मागच्या मोकळ्या जागेत शेड उभी करायचं ठरवलं. माल त्यानं आणायचा आणि फॅब्रिकेटरनं किलोमागे मजुरी घ्यायची, असा सौदा झाला. फॅब्रिकेटरनं जागा पावलांनी मोजली, वर आभाळाकडे बघितलं आणि सांगितलं, "चार टन माल लागंल. चौरस फुटाला चार किलो धरायचं." आतेभावानं ड्रॉइंग माझ्यापुढे ठेवलं. "तू इंजिनियर हाईस न्हवं? मग सांग, चार टन कुठनं आलं?"

प्रश्न रास्त होता. वजनावर मालाचे पैसे जाणार होते आणि मजुरीही. शिवाय हा हिशोब ज्याला गुणाकार येतो त्याला जमतो. प्रत्येक सेक्शनचं मीटरला वजन किती ते तक्त्यात छापलेलं असतं. ड्रॉइंगवरून त्या सेक्शनची एकूण लांबी काढायची आणि दोन्ही गुणायचं. तक्ता हाताशी नसला तरी अडत नाही. पोलादाचं वजन घनमीटरला ७,८५० किलो, म्हणजे एक चौरस मीटर प्लेट जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला ७.८५ किलो भरते. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल म्हणजे ९४ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड पट्टी मधोमध दुमडलेली, असं समजा. मीटरला ४.४३ किलो येतात. तक्ता ४.५ म्हणतो, कारण कोपऱ्यात आतून थोडा जास्तीचा माल असतो.

शेड अशी होती: रुंदी ८ मीटर, लांबी १२ मीटर, दर ४ मीटरवर एक अशा चार कैच्या आणि त्यांच्याखाली आठ खांब. भिंती विटांच्या, छपराला पत्रा.

खांब सोपे. आयएसएमबी २००, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचा आय-बीम, प्रत्येकी साडेचार मीटर. आठ खांबांचे ३६ मीटर झाले. मीटरला २४.२ किलो धरले की ८७१ किलो.

मी चुकलो कैचीत. कैचीची रुंदी ८ मीटर आणि मधली उंची दीड मीटर. वरच्या तिरक्या भागाची लांबी नकाशात सरळ ४ मीटर दिसते, पण लोखंड उतारावरून जातं. ४ चा वर्ग अधिक दीडचा वर्ग, त्याचं वर्गमूळ ४.२७. नवख्याची पहिली चूक इथेच होते. ती मी टाळली आणि दुसरी केली. वरचा आणि खालचा मुख्य अँगल ड्रॉइंगवर एकच रेघ दिसतो, पण शेजारी "2-ISA 50×50×6" लिहिलेलं होतं. पाठीला पाठ लावून दोन अँगल, मध्ये गसेट प्लेट. समोरून पाहिलं की मागचा अँगल पुढच्याच्या आड जातो. मी एकच धरला आणि कैची १०६ किलोंची काढली.

फॅब्रिकेटरनं आकडा ऐकला आणि हसला. "साहेब, येवढ्या वजनाची कैची आमची दोन पोरं खांद्यावर घिऊन चढतील. आमाला चैनपुली लावाय लागती."

घरी येऊन पुन्हा बसलो. तिरके दोन्ही भाग आणि खालची ८ मीटरची लांबी मिळून साडेसोळा मीटर, जोड अँगल म्हणून तेहतीस. त्यांचे १४९ किलो. आतल्या उभ्या आणि तिरक्या काड्या ४० बाय ४० बाय ५ च्या, एकेरी. त्यांची लांबी १०.७ मीटर आणि वजन ३२ किलो. एक कैची १८१ किलोंची आणि चार मिळून ७२४. एका विसरलेल्या "2" मुळे एकूण हिशोबातून जवळपास ३०० किलो गेले होते.

शेडकडे पाहताना नजर खांबांवर जाते, मग कैच्यांवर. पर्लिनकडे, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या चॅनेलकडे, कोणी बघत नाही. पण या शेडमध्ये सगळ्यात जड तीच निघाली. एका उतारावर चार ओळी, दोन उतारांच्या आठ. दोन्ही टोकांना पत्रा ३० सेंटिमीटर बाहेर काढायचा, म्हणून प्रत्येक ओळ १२.६ मीटर. एकूण १००.८ मीटर. आयएसएमसी १०० चॅनेल मीटरला ९.५६ किलो, म्हणजे ९६४ किलो. मीटरमागे खांब अडीचपट जड असला तरी लांबी पर्लिनची जवळपास तिप्पट आहे, आणि गुणाकारात लांबी जिंकते. वजन कमी करायचं असेल तर हात इथेच घालावा. पत्रा वाकवून केलेली २ मिलिमीटर जाडीची झेड पर्लिन मीटरला साडेचार किलोंच्या आसपास बसते. मात्र ती वाकते कशी, पिळते कशी हा वेगळा हिशोब आहे. तो डिझाइन करणाऱ्यानं नव्यानं मांडायचा, आपण नुसतं वजन पाहून अदलाबदल करायची नाही. आमच्याकडे चॅनेलच राहिला.

मग बांधून ठेवणारे अँगल. भिंतींच्या बाजूला एका गाळ्यात फुल्या, छपरातही एका गाळ्यात फुल्या, कैच्या एकमेकींना जोडणारे लांब टाय. सगळे ५० बाय ५० बाय ६. फुलीचा कर्ण मोजायला लोक कंटाळतात, पण ४ मीटरच्या गाळ्यात साडेचार मीटर उंचीची फुली म्हणजे सहा-सहा मीटरचे दोन तुकडे. सगळं मिळून साडेपंच्याण्णव मीटर आणि ४३० किलो.

उरलं किरकोळ, पण ते २१० किलो निघालं. खांबाखालची बेस प्लेट ३०० बाय ३०० बाय १६, एकेक ११.३ किलोची, आठ मिळून ९० किलो. खांबावरच्या टोपी-प्लेटा ३० किलो. एका कैचीत बारा सांधे, प्रत्येकाला हाताच्या पंजाएवढी सहा मिलिमीटरची गसेट, चार कैच्यांच्या ६८ किलो. पर्लिन धरायला अँगलचे बत्तीस छोटे तुकडे, २२ किलो.

बेरीज ३,१९९ किलो. चौरस फुटाला तीन किलोंच्या थोडं वर.

म्हणजे फॅब्रिकेटरनं फसवलं? मला तसं वाटत नाही. त्याचे चार किलो पत्र्याच्या भिंती असलेल्या शेडवरून आलेले होते. तिथे भिंतींना आडवे अँगल लागतात. आमच्याच शेडच्या दोन लांब बाजूंना तीन-तीन ओळी घातल्या असत्या तर ७२ मीटर वाढले असते, ६५ बाय ६५ बाय ६ च्या हिशेबानं आणखी ४१८ किलो. टोकाच्या भिंतींचे खांब वेगळेच. अंदाजाचा आकडा ज्या शेडवरून आला त्या शेडलाच तो लागतो. विटांच्या भिंतीला तो लावला की टनभर माल जादा येऊन पडतो.

आता तक्त्याबद्दल. आपल्याकडे दोन तक्ते फिरतात. १९६४ च्या जुन्या हँडबुकात आयएसएमबी २०० चे मीटरला २५.४ किलो आहेत, तर १९८९ च्या आयएस ८०८ मध्ये २४.२. चॅनेल १०० चं उलट, जुन्यात ९.२ आणि नव्यात ९.५६. गंमत म्हणून मी जुन्या तक्त्यानं सगळं पुन्हा केलं. खांबांचे ४३ किलो वाढले, पर्लिनचे ३६ कमी झाले, आणि बेरजेत फक्त सात किलोंचा फरक पडला. दोन चुका एकमेकींना झाकतात ती अशी. बेरीज जुळली तरी ओळ न् ओळ तपासावी लागते. आणलेला बीम कोणत्या तक्त्यातला हे ओळखायला व्हर्निअर पुरतो. फ्लँजची जाडी कडेपासून पाव रुंदीवर, म्हणजे २५ मिलिमीटर आत मोजायची. कडेला ती कमी असते, मुळाशी जास्त. नव्या तक्त्यात १० मिलिमीटर आहे, जुन्यात १०.८.

अँगलला तर एवढंही लागत नाही. आतेभावानं एक मीटरचा तुकडा कापून शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. साडेचार किलोंच्या आसपास यायला हवा होता आणि तसाच आला. ३.८ आला असता तर तो पाच मिलिमीटरचा. आमच्या शेडमध्ये या एका मापाचा अँगल २२८ मीटर होता. पाच जाडीचा घालून सहाचा धरला असता तर कागदावर १६० किलो जास्त आणि छपराखाली तेवढंच लोखंड कमी. गिरणीतून येणारा माल तक्त्यापेक्षा किंचित हलका-जड असतो. त्यावरून भांडायचं नसतं. पण ४.५ आणि ३.८ मधला फरक किंचित नव्हे.

शेडमध्ये लागणारं वजन आणि विकत आणायचं वजन एक नसतं, हे मात्र आतेभावाला पटायला वेळ लागला. बीमच्या सळ्या आम्हाला १२ मीटरच्या मिळाल्या. एका सळीतून साडेचार मीटरचे दोन खांब निघतात आणि तीन मीटर उरतात. आठ खांबांना चार सळ्या, ४८ मीटर, १,१६२ किलो. खांबांचं वजन ८७१. उरलेल्या २९० किलोंचे पैसे दुकानदाराला द्यावेच लागतात, मजुरीत मात्र ते येता कामा नयेत. म्हणून काम सुरू होण्याआधीच ठरवून घेतलं: मजुरी ड्रॉइंगवरच्या लांबीवर, तक्ता १९८९ चा, भोकं वजा नाहीत, वेल्डिंगचं वजन वेगळं धरायचं नाही, आणि गसेट तिरकी कापली तरी ज्या चौकोनातून कापली तो चौकोन मोजायचा. शेवटची अट फॅब्रिकेटरची, आणि ती मला योग्य वाटली. कोपऱ्यातली कात्रणं त्याच्या तरी काय कामाची?

तयार माल रंगवून दोन खेपांत काट्यावरून गेला. पावत्यांची बेरीज ३,२४० किलो आली. आमच्या आकड्यापेक्षा ४१ किलो जास्त, म्हणजे सव्वा टक्का. त्यात वेल्डिंग होतं, प्रायमर होता, आणि काट्याच्या दहा-दहा किलोंच्या पायऱ्याही.

बीमचे ते तीन-तीन मीटरचे चार तुकडे, एकेक ७३ किलोंचा, कोपऱ्यात पडून होते. दोघांचं जुन्या लेथखालचं स्टँड झालं. उरलेल्या दोघांवरून आतेभाऊ अजून मला विचारतो, "ह्ये पैसे कुणाच्या खात्यात धरायचं?"