हंगामी निर्देशांक आणि चल सरासरी : मिठाईच्या दुकानाचे एक उदाहरण

मागील घटकात आपण कालश्रेणी म्हणजे काय ते पाहिले. या घटकात माजलगावच्या बाजारपेठेतील एका मिठाईच्या दुकानाची मासिक विक्री घेऊन पुढील वर्षाचा अंदाज कसा बांधावा, याचा विचार करावयाचा आहे. दुकान व त्यातील संख्या अभ्यासासाठी कल्पिलेल्या आहेत. सणांच्या तारखा मात्र पंचांगातील आहेत आणि सारी अडचण त्या तारखांतच आहे. येथे विक्री हजार रुपयांत दिली आहे.

चल सरासरी

दुकानाची विक्री श्रावणात वाढते, भाद्रपदात गणपतीला मोदक-पेढ्यांची मागणी येते, दिवाळीला ती शिगेला पोहोचते. या चढउतारांखाली धंद्याची मूळ पातळी काय आहे, हे कळण्यासाठी लागोपाठच्या बारा महिन्यांची सरासरी काढतात आणि दर वेळी जुना महिना सोडून नवा घेत पुढे सरकतात. बारा महिन्यांत प्रत्येक सण एकदा येतो, म्हणून सणांचा परिणाम सरासरीत समप्रमाणात विरून जातो, अशी त्यामागची कल्पना आहे.

समजा, एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ ची एकूण विक्री २३८८ आहे. तिची सरासरी १९९ येते. बारा ही सम संख्या असल्याने ही सरासरी सप्टेंबर आणि ऑक्टोबर यांच्या मधोमध पडते. एप्रिल २०२२ चे १५० वगळून एप्रिल २०२३ चे १७४ घेतले की बेरीज २४१२ व सरासरी २०१ होते. ती ऑक्टोबर व नोव्हेंबर यांच्या मध्ये पडते. दोन्हींची सरासरी २०० ही ऑक्टोबर २०२२ ची केंद्रित चल सरासरी होय. त्या महिन्यातील प्रत्यक्ष विक्री ४२० होती. ४२० ला २०० ने भागून १०० ने गुणले असता २१० हे गुणोत्तर मिळते. त्या ऑक्टोबरची विक्री मूळ पातळीच्या दुपटीहून अधिक होती, असा याचा अर्थ.

प्रत्येक वर्षाची अशी गुणोत्तरे काढून एकाच महिन्याच्या गुणोत्तरांची सरासरी घेतली, आणि बारा महिन्यांची बेरीज १२०० येईल अशी किरकोळ दुरुस्ती केली, की हंगामी निर्देशांक तयार होतात. पाठ्यपुस्तके सहसा येथे थांबतात. आपल्याला मात्र येथे थांबता येत नाही.

दिवाळी कोणत्या महिन्यात?

लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, तर २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. त्यामुळे गुणोत्तरे अशी येतात :

| महिना | विक्री | चल सरासरी | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| ऑक्टोबर २०२२ | ४२० | २०० | २१० |
| नोव्हेंबर २०२२ | १८० | २०२ | ८९ |
| ऑक्टोबर २०२३ | १९६ | २१८ | ९० |
| नोव्हेंबर २०२३ | ४६२ | २२० | २१० |

सरासरी घेतली तर दोन्ही महिन्यांचा निर्देशांक सुमारे १५० येतो. गणित बरोबर आहे, पण असा ऑक्टोबर वा असा नोव्हेंबर या दुकानाने एकदाही पाहिलेला नाही. ‘हंगामी’ हा शब्दच येथे थोडा फसवा आहे. हंगाम म्हटले की आपल्याला सूर्याच्या गतीने येणारे पीकपाणी आठवते. मिठाईचा हंगाम तिथीने येतो आणि इंग्रजी महिन्यांच्या भिंती ओलांडतो.

चूक निर्देशांकापुरतीच राहत नाही, ती चल सरासरीतही शिरते. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या बारा महिन्यांत एकही दिवाळी नाही. उलट, २०२४ चे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला असल्याने त्याची बहुतेक खरेदी ऑक्टोबरअखेर झाली, म्हणून नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या खिडकीत जवळजवळ दोन दिवाळ्या आहेत. आपल्या उदाहरणात ऑक्टोबर २०२२ चे ४२० जाऊन ऑक्टोबर २०२३ चे १९६ आले की सरासरी सुमारे १९ ने घसरते आणि पुढच्याच पायरीला २३ ते २४ ने वर येते. ही घसरण एप्रिल-मे २०२३ च्या मध्ये दिसते, आणि दुकानदार समजतो की लग्नसराईत गिऱ्हाईक तुटले. खरी मंदी अशी एका पायरीपुरती येऊन जात नाही. असा एकाकी खड्डा दिसला की आधी पंचांग उघडावे.

उपाय : सण वेगळा काढणे

यासाठी रोजकीर्दीतील दैनंदिन विक्री लागते. लक्ष्मीपूजनापूर्वीचे दहा दिवस ते भाऊबीज हा काळ निश्चित करावा आणि त्या दिवसांत नेहमीच्या रोजच्या विक्रीपेक्षा जास्त झालेली विक्री वेगळी काढावी. समजा, ही जादा विक्री २०२२ मध्ये २३४ आणि २०२३ मध्ये २५८ निघाली. ती वजा करून चल सरासरी पुन्हा काढली की ऑक्टोबर २०२२ ची विक्री १८६ व सरासरी १८०.५ होते; गुणोत्तर १०३. नोव्हेंबर २०२२ चे ९९, ऑक्टोबर २०२३ चे १०० आणि नोव्हेंबर २०२३ चे १०३ येते. म्हणजे दिवाळी काढल्यावर दोन्ही महिने साधेच आहेत. दोहोंचा निर्देशांक १०१ धरू. शिवाय दिवाळीची जादा विक्री दोन्ही वर्षी मूळ पातळीच्या सुमारे १.३ पट आहे. वर्षागणिक टिकणारी संख्या ही आहे.

आता २०२६ पाहू. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. मूळ पातळी २६० पर्यंत जाईल असे धरले, तर साधी विक्री दरमहा सुमारे २६३ आणि दिवाळीची जादा विक्री ३३८ येते. दहा दिवसांचा काळ २९ ऑक्टोबरला सुरू होतो. पहिल्या तीन दिवसांत जादा विक्रीचा दहावा भाग होतो असे कीर्द सांगत असेल, तर ऑक्टोबरचा अंदाज २९७ आणि नोव्हेंबरचा ५६७ होतो. १५० च्या निर्देशांकाने दोन्हीकडे ३९० आले असते. त्या हिशेबाने ऑक्टोबरमध्ये घेतलेला खवा चार-दोन दिवसांत आंबला असता आणि ऐन धनत्रयोदशीला पेढे-बर्फी संपली असती. साखर, बेसन टिकते. खवा थांबत नाही.

धोंड्याचा महिना

माजलगाव तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीस अधिक महिन्यात मोठी यात्रा भरते, आणि घरोघरी जावयाला अनारशांचे वाण दिले जाते. अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो व दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडतो : २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण (१८ जुलै ते १६ ऑगस्ट), २०२६ मध्ये ज्येष्ठ (१७ मे ते १५ जून). बारा महिन्यांच्या कोणत्याही निर्देशांकात तो बसत नाही. त्याचीही जादा विक्री वेगळी काढावी लागते. वरील २०२३ च्या संख्यांतून ती आधीच वजा केली आहे असे समजावे.

मात्र येथे पद्धतीची मर्यादा उघड होते. २०२० च्या अधिक मासात कोरोनामुळे राज्यातील मंदिरे बंद होती, त्यामुळे त्या नोंदी उपयोगाच्या नाहीत. उरतो एकटा २०२३, आणि तोही पावसाळ्यातला. २०२६ चा अधिक मास मे महिन्याच्या उन्हात सुरू होतो. एका नोंदीवरून सरासरी निघत नाही. अशा वेळी २०२३ ची जादा विक्री केवळ प्रारंभीचा आकडा म्हणून घ्यावी, पहिल्या आठवड्याची विक्री तिच्याशी ताडून पाहावी आणि उरलेल्या तीन आठवड्यांचा माल त्यानुसार ठरवावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आणि २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. ऑगस्ट व सप्टेंबर यांचे निर्देशांक थेट सरासरीने काढल्यास कोणती चूक होईल? मोदकांची विक्री चतुर्थीला एकवटते, पण पेढ्यांची विक्री अनंत चतुर्दशीपर्यंत चालते, हे लक्षात घेऊन २०२२ ची जादा विक्री दोन महिन्यांत कशी वाटाल ते लिहा.