टनामागे किती युनिट?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बिलेट ओतली जातात आणि त्यांतून घरबांधणीच्या सळया निघतात. तिथल्या इंडक्शन भट्टीत कोळसा जळत नाही. तांब्याच्या कॉइलमधून वीज जाते, भंगारात प्रवाह निर्माण होतो आणि ते स्वतःच तापून वितळते. कच्च्या मालानंतर या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च विजेचाच असतो.

एक टन पोलाद नेहमीच्या तापमानापासून १६०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३८० युनिट उष्णता पुरते. प्रत्यक्षात मात्र टनाला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट सहज लागतात आणि स्पंज आयर्न जास्त असेल तर त्याहूनही अधिक. वरच्या विजेतला मोठा वाटा कॉइल तापवण्यात जातो आणि ती थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो. उरलेली उष्णता भट्टीच्या भिंतीतून आणि उघड्या तोंडातून सुटते.

दहा टनांची एक भट्टी घेऊ. एका हीटला समजा ६००० युनिट लागली. मीटरचा आकडा भरलेल्या मालाने भागला तर टनाला ६०० युनिट. पण भंगारातला गंज, माती आणि तेल मळीत किंवा धुरात जाते, थोडे लोखंडही जळते. हाती आलेला रस ९.३ टन असेल, तर खरा हिशेब ६४५ युनिटांचा होतो. दोन कारखान्यांची तुलना करताना आकडा भरलेल्या टनाचा की रसाच्या टनाचा, हे आधी विचारायला हवे. स्वस्त म्हणून घेतलेले गंजके भंगार वीजही खाते आणि वजनही घटवते.

सगळे आकार धरून वीज आठ रुपये युनिट पडत असेल, तर टनाला ५१६० रुपये झाले. दर ५० पैशांनी वाढला की त्यात सुमारे ३२० रुपयांची भर पडते. ती भरून काढायची तर टनामागे ४० युनिट वाचवावी लागतात.

ही ४० युनिट भट्टीवरच असतात. रस तयार आहे, पण ओतण्याचे यंत्र तयार नाही, म्हणून भट्टी वीस मिनिटे धरून ठेवली. तेवढे तापमान टिकवायला ३०० किलोवॉट लागत असतील तर १०० युनिट, म्हणजे टनामागे जवळजवळ ११ युनिट गेली. भट्टीवर झाकण नसेल तर हा आकडा वाढतो. भिंतीवर मळीचा थर चढला की कॉइल आणि माल यांतले अंतर वाढते, आत माल कमी मावतो आणि त्याच भंगाराला वेळ जास्त लागतो. हीटची वेळ दिवसागणिक वाढत असेल, तर हा थर आधी तपासावा. उलट अस्तर झिजून पातळ झाले की वीज कमी लागते, पण रस फुटून कॉइलपर्यंत पोचण्याचा धोका वाढतो. तिथे युनिट वाचल्याचा आनंद मानू नये.

आता दराकडे वळू. बिलात युनिटचा आकार वेगळा आणि मागणी आकार वेगळा असतो. हा दुसरा आकार भट्टी कमी चालली म्हणून त्या प्रमाणात उतरत नाही. तो महिन्याला ३० लाख रुपये आहे आणि वापर ३० लाख युनिट आहे असे धरा. म्हणजे युनिटमागे एक रुपया.

केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक-हक्क नियमांत बदल करून सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि उद्योगांना कमाल मागणीच्या तासांत निदान १.२ पट, अशी चौकट घातली. मग संध्याकाळी भट्टी बंदच ठेवावी का?

युनिटचा नेहमीचा आकार सात रुपये, महाग तास चार आणि सौर तास आठ धरू. महाग तास टाळले तर सरासरी युनिट आकार ६.७७ वरून ६.४४ रुपयांवर येतो. टनामागे सुमारे २१० रुपये वाचले. पण वापर २५ लाख युनिटांवर आला, त्यामुळे मागणी आकार युनिटमागे १.२० रुपये झाला आणि टनामागे १२९ रुपये परत गेले. हाती उरले ८१. थंडावलेले अस्तर पुन्हा तापवताना टनामागे दहा-अकरा युनिट जास्त गेली, की तेही संपले. शिवाय उत्पादन सहाव्या हिश्शाने घटले, ते वेगळेच.

म्हणून दुरुस्ती, अस्तर बदलणे आणि मळी काढणे ही कामे संध्याकाळच्या तासांत बसवावीत. थांबायचेच आहे तर महाग वेळी थांबावे. निव्वळ दर टाळण्यासाठी रोज भट्टी थंड करणे मात्र या हिशेबात परवडत नाही. आपल्या कारखान्याचे आकडे घालून हे गणित एकदा कागदावर करून पाहा आणि युनिट मोजताना भागाकार रसाच्या टनाने करा.