समजून घ्या : रस्सीखेच जिंकतात ती वजनावर की टाचेवर? क्रीडादिनाआधी संघाने काय तपासावे

सोमेश्वरनगर : कारखान्याचा हंगाम आणि शाळांचे क्रीडादिन साधारण एकाच सुमारास येतात. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि आत मैदानावर चुन्याच्या रेघा, हे चित्र बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना नवे नाही. धावणे, गोळाफेक झाली की शेवटी सगळी शाळा गोळा होते ती रस्सीखेचीला. आणि बहुतेक ठिकाणी संघ निवडायची रीतही ठरलेली : वर्गातले आठ जाडजूड गडी उचलायचे, सर्वांत वजनदाराला शेवटी उभे करायचे आणि दोर त्याच्या कमरेला गुंडाळायचा.

यातल्या दोन गोष्टी अधिकृत नियमांत बसत नाहीत, आणि एक तर धोक्याची आहे.

वजन एकेकाचे नाही, आठ जणांचे

स्पर्धेच्या रस्सीखेचीत प्रत्येक बाजूला आठ खेळाडू असतात आणि मर्यादा आठ जणांच्या एकत्र वजनाला असते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत पुरुषांचा ६४० किलोचा गट सर्वांत ओळखीचा. म्हणजे सरासरी खेळाडू ८० किलोचा. महिलांमध्ये ५४० किलोचा गट असतो. शालेय स्पर्धेत वयोगटानुसार मर्यादा वेगळी असते आणि ती त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेली असते. शाळेच्या स्वतःच्या क्रीडादिनाला ती क्रीडाशिक्षक ठरवतात. म्हणून पहिला प्रश्न सरांना विचारायचा तो हाच : आपली मर्यादा किती?

समजा ती ४४० किलो आहे आणि सरावाला दहा मुले येतात. त्यांची वजने ६८, ६२, ६०, ५८, ५६, ५४, ५२, ५०, ४८ आणि ४६ किलो. वरचे आठ घेतले तर बेरीज ४६० होते. २० किलो जास्त, संघ वजनकाट्यावरच बाद.

आता दोन वाटा आहेत. पहिली, ६८ किलोच्या मुलाला बाहेर ठेवून ४८ किलोच्या मुलाला घ्यायचे. बेरीज बरोबर ४४०. दुसरी, ६८ किलोचा ठेवायचा आणि ६० व ५४ किलोच्या मुलांच्या जागी ४८ व ४६ किलोची मुले आणायची. बेरीज पुन्हा ४४०. गावात कोणीही दुसरीच वाट धरेल, कारण ‘आपला पैलवान’ संघात हवा असतो. पण दोरावर या दोन संघांत वजनाचा फरक शून्य आहे. फरक पडतो तो आठांपैकी किती जण खाली झुकून टिकू शकतात यावर. ६८ किलोचा मुलगा पंधरा सेकंदांत सरळ उभा राहत असेल, तर त्याला घेऊन संघाने दोन चांगली मुले घालवली.

एक बारीक गोष्ट : बेरीज नेमकी मर्यादेवर असेल तर ती धोक्याचीच. घरचा काटा आणि शाळेचा काटा यांत किलोभराचा फरक सहज निघतो आणि आठ जणांचा मिळून तो आठ किलो होतो. उसाच्या काट्यावरून भांडणे पाहिलेल्या भागात हे वेगळे सांगायला नको. सरावातच त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन करून दोन-तीन किलो हातचे ठेवावेत. आदल्या दिवशी उपाशी राहून किंवा पाणी तोडून वजन उतरवू नये. दुसऱ्या ओढीलाच मांड्या धरतात.

दोरावरच्या पाच खुणा

स्पर्धेचा दोर किमान साडेतेहतीस मीटर लांब आणि १० ते १२.५ सेंटीमीटर घेराचा असतो. मधोमध लाल पट्टी. तिच्या दोन्ही बाजूंना ४ मीटरवर पांढरी आणि ५ मीटरवर निळी पट्टी. जमिनीवर एकच मध्यरेषा आखलेली असते आणि सुरुवातीला लाल पट्टी तिच्या बरोबर वर असते. समोरच्या संघाच्या बाजूची पांढरी पट्टी या रेषेवरून आपल्याकडे आली की ओढ जिंकली. थोडक्यात, चार मीटर ओढायचे आहे. पहिला खेळाडू निळ्या पट्टीजवळ दोर धरतो. तीन ओढींपैकी दोन जिंकणारा संघ विजयी, आणि पहिल्या ओढीनंतर बाजू बदलतात.

पंचांचे हुकूम ओळीने येतात : दोर उचला, ताण घ्या, स्थिर, ओढा. शाळेत बहुतेक वेळा थेट शिटी वाजते आणि मग कोणी आधी ओढले यावरून वाद. ‘ताण घ्या’ या हुकमावर दोर ताठ करायचा आणि टाच रोवायची. त्याआधी जमिनीत खड्डा करून ठेवणे चालत नाही. लाल पट्टी रेषेवर स्थिर झाल्याशिवाय ‘ओढा’ येत नाही.

चुका ओळखायच्या तर तीन लक्षात ठेवल्या तरी पुरे. मुद्दाम बसणे, म्हणजे पायांशिवाय शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकवून राहणे. दोर हातातून सरकवत पुढे-पुढे पकडत जाणे. आणि दोर असा अडकवून धरणे की तो मोकळा सरकूच नये. घसरून पडले तर चालते, पण लगेच उठले पाहिजे. दोन वेळा ताकीद मिळते, तिसऱ्यांदा ती ओढ गमावली.

मग ताकद येते कुठून?

दोरातला ताण दोन्ही टोकांना सारखाच असतो. एक संघ दोर ‘जास्त’ ओढतो असे दिसते, पण खरी लढाई दोरात नसून पायाखाली असते. ज्याचा पाय आधी सुटतो तो हरतो.

५० किलोच्या मुलाचे उदाहरण घेऊ. तो जवळजवळ सरळ उभा आहे, दोर जमिनीपासून १ मीटर उंच आहे आणि त्याच्या शरीराचा मध्य टाचेच्या मागे फक्त २० सेंटीमीटर आहे. दोर त्याला पुढे पाडायला बघतो, त्याचे वजन त्याला मागे खेचते. दोन्ही जमले तर तो ५० × ०.२ ÷ १, म्हणजे १० किलोचाच ताण धरू शकतो. त्याहून जास्त आला की तो पुढे कोलमडतो. आता तोच मुलगा मागे झुकला, दोर ६० सेंटीमीटर उंचीवर आणला आणि शरीराचा मध्य टाचेच्या मागे ६० सेंटीमीटर गेला. तेव्हा तो ५० किलो धरतो. मुलगा तोच, वजन तेच, ताण पाचपट.

इथे जमीन आडवी येते. सुक्या, घट्ट जमिनीवर बूट साधारण वजनाच्या सात-आठ दशांश इतकाच जोर धरतो, म्हणजे आपल्या मुलाला ३५ ते ४० किलो. सुट्ट्या मुरमावर तो निम्म्यावरही येऊ शकतो. ट्रॅक्टरचे चाक जागेवर फिरू लागले की इंजिन कितीही मोठे असले तरी ट्रॉली हलत नाही, तसेच हे. म्हणून टाच हवी. झुकलेल्या माणसाची टाच मातीत रुतली की प्रश्न घर्षणाचा उरत नाही, माती किती घट्ट आहे याचा होतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये (तेव्हा रस्सीखेच ऑलिंपिकमध्ये होती) लिव्हरपूल पोलिसांच्या जड बुटांवरून अमेरिकन संघाने आक्षेप घेतला आणि स्पर्धाच सोडली, ते याचमुळे. आजच्या नियमांत खिळ्यांचे बूट चालत नाहीत. शाळेच्या मैदानावर टाचेला कडा असलेला साधा बूट पुरतो. झिजलेली स्लीपर किंवा अनवाणी पाय नको.

पकड अशी : हात उघडे, हातमोजे नाहीत, दोन्ही तळवे वर, दोर काखेतून शरीराला लागून मागे. कोपर सोडायचे नाही. पाय गुडघ्यांच्या पुढे. पाठ सरळ, मान वर. सगळे दोराच्या एकाच बाजूला उभे राहिले तर सगळ्यांचे एकच पाऊल एका वेळी उचलता येते आणि दोर नागमोडी होत नाही. दोर वाकडा झाला की जोर आडवा वाया जातो.

पाऊल मोठे टाकायचे नाही. एक पाऊल मागे घेताना दुसऱ्या पायावरच सगळा भार येतो, तेवढा क्षण संघ कमजोर असतो. म्हणून वीतभर सरकायचे, टाच रोवायची, पुन्हा धरायचे. समोरच्या संघाने जोर केला तर आपण ओढायचे नाही, नुसते खाली राहून धरायचे. त्यांचा श्वास सुटला, दोर किंचित सैल वाटला की तेव्हा सगळ्यांनी मिळून एक पाऊल.

हे ‘मिळून’च सर्वांत अवघड. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांकडून दोर ओढवून मोजणी केली होती. आठ जण एकत्र ओढत तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढण्याच्या जेमतेम निम्मा भरत होता. कारण एकाच क्षणी जोर पडत नाही आणि गर्दीत थोडा ढिलेपणाही येतो. सरावात हे सहज दिसते. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा आणि संथ गतीने पाहा. आठ पाय एकदम उचलले जातात की लाटेसारखे एकामागून एक, ते कळेल. लाट दिसत असेल तर ताकद वाढवण्याआधी ताल बसवा. मार्गदर्शकाचा हात खाली आला की पाऊल, एवढी एकच खूण आठवडाभर पुरते.

शेवटचा गडी आणि दोर

शेवटच्या खेळाडूसाठी वेगळा नियम आहे. दोर त्याच्या एका काखेखालून पाठीवर तिरका जातो, दुसऱ्या खांद्यावरून पुढे येतो आणि उरलेले टोक काखेखालून मागे-बाहेर मोकळे सोडलेले असते. गाठ नाही, फास नाही, कमरेला वेढा नाही. कारण सरळ आहे : संघ कोसळला तर त्याला दोर सोडता आला पाहिजे. कमरेला बांधलेला मुलगा सगळ्यांच्या मागे फरपटत जातो. हाताला किंवा मनगटाला दोर गुंडाळणे तर आठांपैकी कोणीही करू नये.

२५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेईत सोळाशेहून अधिक लोकांनी एकाच दोरावर रस्सीखेच केली. दोर तुटला आणि दोन माणसांचे डावे हात तुटले. नंतर ते शस्त्रक्रियेने जोडावे लागले. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि तुटताना चाबकासारखा मागे येतो. त्यामुळे ट्रॉलीवरच्या उसाला आवळायचा दोर मैदानावर आणू नये, आणि ‘सगळी शाळा विरुद्ध सगळे शिक्षक’ असा शेवटचा गमतीचा डाव तर नकोच. आठ विरुद्ध आठ हा आकडा दोराच्या जाडीशी जुळलेला आहे.

सरावाआधी दोर पूर्ण लांब करून दोघांनी दोन्ही बाजूंनी हात फिरवत यावे. तुटलेले धागे, दबलेली जागा, जुनी गाठ किंवा ओल लागून काळा पडलेला भाग सापडला तर तो दोर त्या दिवशी वापरायचा नाही. दोराच्या रेषेत मागे-पुढे प्रेक्षक उभे करू नयेत. टाळ्या वाजवायच्या तर बाजूने.