फुटाचा भाव आणि कपाटाचा हिशेब

समजा, ओटा एल आकाराचा आहे. एक भिंत दहा फुटांची, दुसरी आठ. रनिंग फुटाने भाव देणारा अठरा फूट धरतो. पण ओटा दोन फूट खोल असल्याने कोपऱ्यातले दोन फूट दोनदा मोजले जातात. पुढची कपाटं प्रत्यक्षात सोळा फुटांतच बसतात. फुटाला 6,000 रुपये भाव असेल, तर इथेच 12,000 रुपयांचा फरक पडतो.

याहून मोठी अडचण पोटात काय आहे, ही. दोन फुटांत साधं दोन दारांचं कपाट बसतं, तसेच तीन ड्रॉवरही. ड्रॉवरना चॅनेलच्या तीन जोड्या लागतात, म्हणून ते महाग; फुटाचा भाव मात्र तोच. मग ड्रॉवर, बास्केट, ग्रॅनाइट आणि सिंकचं कटिंग नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतं.

कपाटनिहाय कोटेशन लांबलचक, वाचायला कंटाळवाणं असतं, पण प्लायचा दर्जा आणि बिजागऱ्यांची कंपनी त्यात लिहिलेली असते. म्हणून दोघांनाही एकच नकाशा द्या आणि फुटाच्या भावात किती ड्रॉवर धरलेत, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.