बुफेतली आच

लग्नाच्या स्वागतसमारंभात झाकण उचलले की वाफ येते, म्हणून चेफिंग डिश ही छोटी शेगडी आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ते पाण्याचे भांडे आहे. खालच्या खोल ट्रेमध्ये पाणी, त्यात बसणारा अन्नाचा ट्रे, वर झाकण आणि तळाशी जेल इंधनाचे दोन डबे, एवढीच त्याची रचना. ज्योत पाणी तापवते आणि पाण्याची वाफ अन्नाला गरम ठेवते. गरम अन्न गरमच राखणे एवढेच या भांड्याचे काम आहे. गार अन्न तापवण्याची ताकद त्यात नसते, आणि बुफेतली बरीच बिघाडी इथूनच सुरू होते.

संध्याकाळी सात ते अकरा चालणारा, लॉनवरचा एक समारंभ धरू. आठ चेफिंग डिश, शेजारी डोशाचा लाईव्ह काउंटर. साडेसहाला वाढपी ट्रेमध्ये नळाचे पाणी ओततो, डबे पेटवतो आणि दुपारी शिजवून टेम्पोतून आणलेला, कोमट झालेला मसालेभात त्यात ठेवतो. नेहमीच्या आकाराच्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. दोन डब्यांच्या आचेवर ते नुसते उकळीच्या जवळ यायला अर्धा तास जातो, आणि भाताला ऊब लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. कडेचा भात तापला तरी मधला ढीग बराच वेळ कोमट राहतो.

त्या कोमटपणात अडचण आहे. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष नंतर भात कितीही तापवला तरी जात नाही. रस्सा, डाळ आणि मटणाच्या मोठ्या पातेल्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा दुसरा जिवाणू असाच वागतो. त्याला चाळीस ते पन्नास अंशांच्या मधली ऊब सर्वाधिक मानवते. म्हणून अन्न साठ अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्यायचे नाही. पासष्ट धरून चालले तर झाकणे उघडली-मिटली तरी हाताशी थोडी सूट राहते.

मग योग्य क्रम असा: खालच्या ट्रेमध्ये उकळतेच पाणी ओतायचे, मग डबे पेटवायचे, पाणी वाफाळले की आचाऱ्याकडून थेट चुलीवरून आलेले, वाफा निघणारे अन्न ठेवायचे. अन्नाच्या ट्रेचा तळ पाण्याला टेकला नाही तरी चालते, मात्र पाणी दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. पाणी तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज उडते, आणि वारा असला, झाकण उघडे राहिले तर त्याहून जास्त. दर तासाला डाव्या-उजव्या कोपऱ्यातून पाणी बघून उकळते पाणी घालावे लागते. पाणी संपल्याचे पहिले लक्षण म्हणजे कडेच्या रश्शाला लागलेला करपट वास. अन्न मात्र हाताने किंवा चमच्याने चाखून तपासता येत नाही. सुईचा थर्मामीटर ट्रेच्या मध्यभागी, मधल्या खोलीवर टोचून बघावा. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू अनेक केटरर्सच्या पेटीत नसते, ही खरी खंत.

आता इंधन. जेलच्या डब्यात बहुधा मिथेनॉल किंवा इथेनॉल घट्ट करून भरलेले असते. साधारण दोनशे ग्रॅमचा डबा दोन तास जळतो. म्हणजे आठ डिशला एका वेळी सोळा डबे, आणि चार तासांसाठी बत्तीस. शिवाय चार-पाच जास्तीचे. अर्थात दोन तासांनी डबा बदलावाच लागणार, आणि अपघात होतो तो नेमका तेव्हा. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि दिव्यांच्या झगझगाटात दिसतच नाही. वाढप्याला डबा विझलेला वाटतो, तो त्यात बाटलीतले स्पिरिट किंवा जेल ओततो. वाफ पेट घेते, ज्योत धारेवरून उलटी बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून पेटते इंधन समोरच्या माणसावर फेकले जाते. जवळच्या पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, अशा फवाऱ्याने गंभीर भाजते.

म्हणून डबा भरायचाच नाही, बदलायचा. जुन्या डब्यावर त्याचे धातूचे झाकण सरकवून ज्योत गुदमरवायची. फुंकर मारली तर जळते जेल उडते. डबा हाताला थंड लागेपर्यंत थांबायचे, बाजूला काढायचा आणि सील केलेला नवा डबा जागी ठेवून लांब दांड्याच्या लायटरने पेटवायचा. हा खटाटोप नको असेल तर वातीचे डबे घ्यावेत. त्यातले ग्लायकॉलचे इंधन वातीखेरीज सहजी पेट घेत नाही आणि डबा चार ते सहा तास चालतो. उरलेले जेल पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणे सर्वांत वाईट, कारण मिथेनॉल थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. टेबलाची झालर आणि फुलांच्या माळाही डब्यांच्या आसपास लोंबता कामा नयेत.

डोशाच्या काउंटरचे गणित वेगळे आहे, कारण तिथे एलपीजी असतो. हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि झालरीच्या आत, खड्ड्यात साचतो. शोभेसाठी सिलिंडर टेबलाखाली कापडाआड लपवण्याची जी पद्धत आहे, ती म्हणूनच घातक. सिलिंडर मागच्या बाजूला, उघड्यावर, उभा आणि बांधलेला असावा. वापरायचा तोही व्यावसायिक एकोणीस किलोचा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे, बुडबुडे आले तर काउंटर सुरूच करायचा नाही.

मोठ्या आचेवर तासभर चालल्यावर सिलिंडरच्या अंगावर दव, मग बर्फ दिसू लागतो आणि ज्योत मंदावते. आतला द्रव वायू होताना स्वतःचीच उष्णता घेतो, त्यामुळे दाब घटतो. यावर काही जण सिलिंडर आडवा करतात. तसे केल्यास वायूऐवजी द्रव नळीत येतो आणि बर्नरवर भडका उडतो. गरम पाण्याच्या टबात ठेवणे किंवा खालून आच देणे याहून भयंकर. सुरुवातीपासूनच दोन सिलिंडर एकत्र जोडले तर प्रत्येकावरचा भार निम्मा होतो आणि प्रश्न उद्भवतच नाही.

भडका उडालाच तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. वायू चालू ठेवून नुसती ज्योत विझवली तर न जळलेला वायू साचून मोठा स्फोट होऊ शकतो. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर आच बंद करून झाकण टाकायचे, कारण पाणी टाकल्यास तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल उसळवते. ड्राय पावडरचे अग्निशामक काउंटरच्या मागे नव्हे, बाजूला, पोहोचता येईल असे ठेवावे.

अकराला पंगत संपल्यावर डबे झाकणाने विझवायचे, गरम पाणी थंड झाल्यावरच ट्रे हलवायचे. ज्या ट्रेचे तापमान रात्रभर साठच्या वर राहिल्याची नोंद आहे, तेच अन्न उथळ भांड्यांत पसरून लवकर गार करता येते. ज्याची नोंद नाही ते टाकून द्यायचे.